घरी नीट वाजणारे इअरबड्स वावरात का तुटतात? ब्लूटूथचा उशीर, खंड आणि त्यावरचे उपाय

तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलं की इअरबड्सची तक्रार रोजची. बहुतेकांची तक्रार एकाच वाक्यात असते: "घरी बरोबर वाजते भाऊ, वावरात गेलो की आवाज तुटते." पोरांची तक्रार वेगळी. गेममध्ये गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो. दोघांनाही सल्ला मात्र सारखाच मिळतो, की ५.३ व्हर्जनवाले घ्या. लोक हजार-पंधराशे खर्चून ते घेतात, आणि वावरात आवाज तरीही तुटतच राहतो.

तुटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा व्हर्जनमध्ये नसतं. फोन कोणत्या खिशात आहे, हॉटस्पॉट चालू आहे का, गाणं दाबून पाठवायची कोणती पद्धत, म्हणजे कोडेक, लागली आहे, यात ते असतं. ते कसं शोधायचं, हे खाली क्रमानं लिहिलं आहे. पायऱ्या याच क्रमानं करा, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचा अर्थ आधीच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून आहे.

पहिली पायरी: नेट तुटतं की ब्लूटूथ?

आपल्याकडे वावरात नेटवर्कची एक-दोन काडी असते. त्यामुळे गाणं थांबलं की ते नेटमुळे थांबलं की ब्लूटूथमुळे, हे आधी वेगळं करावं लागतं. ओळखायची खूण सोपी आहे. आवाज थांबला त्या क्षणी फोनच्या स्क्रीनवर गाण्याची पट्टी पाहा. पट्टी थांबली असेल, गोल चक्र फिरत असेल, तर नेट आलेलं नाही. इअरबड्सचा यात काही संबंध नाही. पट्टी पुढे सरकते आहे, सेकंद मोजले जाताहेत, पण कानात आवाज नाही, तर खंड ब्लूटूथमध्ये आहे. आवाज परत येतो तेव्हा गाणं दोन शब्द पुढे गेलेलं असतं, हीही त्याचीच खूण.

खात्री करायची असेल तर एक गाणं फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. मग एरोप्लेन मोड लावा आणि ब्लूटूथ बंद झालं असेल तर ते पुन्हा चालू करा. आता फोनचं सिम आणि वायफाय दोन्ही गप्प आहेत, फक्त ब्लूटूथ बोलतं आहे. याच स्थितीत, त्याच जागी, त्याच खिशात फोन ठेवून पाच-दहा मिनिटं ऐका. आवाज तरीही तुटला तर कारण फोन आणि कान यांच्यामधल्या वाटेत आहे. तुटणं एकदम थांबलं तर कारण फोनच्याच दुसऱ्या रेडिओत आहे, त्याबद्दल पुढे येईल. ही चाचणी विसरू नका, लेखात ती पुन्हा लागणार आहे.

उशीर आणि खंड एकाच ठिकाणाहून येतात

फोन आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून हवेतून पाठवतो. एखादा तुकडा वाटेत बिघडला तर इअरबड तो परत मागतो आणि फोन पुन्हा पाठवतो. या मागण्या-पाठवण्यात वेळ जातो. तेवढ्या वेळात कानातला आवाज थांबू नये म्हणून इअरबड थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो आणि त्या साठ्यातून वाजवत राहतो. विहिरीवरच्या टाकीसारखंच हे आहे. लाईन गेली तरी टाकीत पाणी असेतोवर ठिबक चालतं, आणि टाकी रिकामी झाल्यावर लाईन आली नसेल तर बंद पडतं.

या साठ्याला बफर म्हणतात. साध्या इअरबड्समध्ये फोनपासून कानापर्यंतचा एकूण उशीर साधारण १५० ते ३०० मिलिसेकंद असतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यापासून जवळपास तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. त्यातला मोठा वाटा या बफरचा असतो. बफर मोठा ठेवला तर हवेतली अडचण निभावून जाते, पण आवाज उशिरा येतो. बफर लहान केला तर आवाज लवकर येतो, पण थोडीशी अडचण आली की खंड पडतो.

बड्सवर तीन वेळा टॅप करून जो 'गेम मोड' चालू होतो, तो मुख्यतः हेच करतो, बफर लहान करतो. म्हणून गेम मोड चुकून चालू राहिला आणि माणूस वावरात गेला की आवाज जास्त तुटतो. वावराची तक्रार घेऊन कुणी आला की मी आधी गेम मोड बंद आहे का ते पाहतो. कित्येक वेळा तेवढ्यावरच काम होतं.

वावरातच का तुटतं

लोकांना वाटतं, मोकळ्या जागेत सिग्नल अधिक चांगला जायला हवा, मधे भिंत नाही, काही नाही. फोन समोर हातात धरला असेल तर ते खरंही आहे. पण फोन खिशात असतो आणि मधे आपलं शरीर असतं.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात आणि आपल्या शरीरात बहुतांश पाणीच आहे. फोन उजव्या मागच्या खिशात असेल आणि मुख्य बड, म्हणजे फोन ज्याच्याशी बोलतो तो, डाव्या कानात असेल, तर लहरींना कंबर, पाठ आणि डोकं एवढ्या सगळ्यातून जायचं असतं. सरळ वाटेनं त्या जवळपास पोहोचतच नाहीत.

मग घरात कसं चालतं? घरात भिंती आहेत, वर स्लॅब किंवा टिनाचं छत आहे, कपाट आहे. खिशातून निघालेली लहर भिंतीवर आपटून परत येते आणि दुसऱ्या बाजूनं कानात पोहोचते. घरातला आवाज बराचसा या परतलेल्या लहरींच्या जिवावर चालतो. वावरात परतायला भिंतच नाही. खाली काळी माती, कमरेएवढी पऱ्हाटी, वर आभाळ. खिशातून निघालेली लहर धुऱ्यापलीकडे निघून जाते.

ब्लूटूथ गोंगाट टाळायला सतत वाहिनी बदलत असतं, जुन्या पद्धतीच्या ऑडिओमध्ये ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा. बाजूला वायफाय चालू असेल तर ते त्या वाहिन्या सोडून बाकीच्यांवर काम चालवतं. पण शरीराची आड सगळ्याच वाहिन्यांना सारखी नडते. वाहिनी बदलून तिथे काही साधत नाही. म्हणून हा आजार फोनच्या किंवा बड्सच्या सॉफ्टवेअर अपडेटनं जात नाही.

बड्सच्या जोडीत आणखी एक भानगड असते. बऱ्याच साध्या बड्समध्ये फोन एकाच बडशी बोलतो आणि तो बड दुसऱ्याला आवाज पुढे पाठवतो. म्हणजे मधे डोकं आलं. काही चांगल्या चिपमध्ये दुसरा बड फोनचाच सिग्नल परस्पर ऐकतो, त्यामुळे हा टप्पा वाचतो. तुमचे कोणते आहेत, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. पण वावरात सतत एकाच कानाचा आवाज जात असेल आणि दुसरा व्यवस्थित चालत असेल, तर संशय दोन बड्सच्या मधल्या वाटेवर घ्या. त्याआधी मात्र डबीतल्या पिना कापडानं पुसून घ्या. घाम आणि कानातला मळ बसून एक बड नीट चार्जच झालेला नसतो, आणि लोक त्यालाच सिग्नलचा दोष समजतात. उन्हाळ्यात ही खात्री आणखी जरुरी, कारण लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर सहसा चार्ज करत नाहीत आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली डबी त्याच्याही वर तापते.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

माझा चुलत भाऊ कापसाचं वावर करतो. वेचणीच्या दिवसांत बाया वेचतात, हा गाठोडी बांधतो, वजन करतो, बैलगाडीपर्यंत नेतो. दिवसभर कानात इअरबड्स. तक्रार अशी, की वाकलं की आवाज जातो, मान डावीकडे वळवली की जातो, उभं राहून सरळ पाहिलं की परत येतो. बड्स नवेच होते, डब्यावर ५.३ लिहिलेलं. तो ते परत करायच्या विचारात होता.

मी त्याला म्हटलं, "आधी एरोप्लेन मोड लाव अन् डाउनलोड केलेलं गाणं लाव." आवाज तसाच तुटला. म्हणजे नेट नाही, सिमही नाही.

मग फोन मागच्या खिशातून काढून छातीसमोर हातात धरायला सांगितला आणि मान चारी बाजूंना वळवायला लावली. एकदाही तुटला नाही. फोन परत उजव्या मागच्या खिशात टाकला, मान डावीकडे नेली, पुन्हा तुटला. कारण इथेच सापडलं.

पुढची पायरी, मुख्य बड कोणता हे शोधण्याची. आधी उजवा बड डबीत टाकून फक्त डावा कानात ठेवला, मग उलट केलं. फोन उजव्या खिशात असताना एकटा उजवा बड पुष्कळ चांगला चालला, एकटा डावा तुटत राहिला. दोन्ही लावल्यावर डाव्यासारखंच तुटत होतं. म्हणजे त्याच्या जोडीत फोन डाव्या बडशी बोलत होता. बऱ्याच बड्समध्ये डबीतून जो आधी बाहेर निघतो तो मुख्य होतो. त्यानं पुढच्या वेळी उजवा आधी काढला, तर थोडा फरक पडला, पण पूर्ण नाही.

शेवटी फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. तेवढ्यावर काम झालं. तिथून दोन्ही कान दिसतात असं म्हणायला हरकत नाही, मधे फक्त हनुवटी येते. वाकल्यावर फोन खिशातून पडतो ही त्याची पुढची अडचण होती, ती वहिनीनं खिशाला बटण लावून सोडवली. ज्यांच्या कपड्याला वरचा खिसा नाही, त्यांनी फोन कमरेच्या पिशवीत पोटाच्या बाजूला, मुख्य बडच्याच अंगाला ठेवावा. मागचा खिसा सगळ्यात वाईट.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाठीवर फवारणीचा पंप असताना आवाज आणखी तुटतो, कारण पंपाच्या टाकीत सोळा-वीस लिटर पाणी असतं आणि ते शरीरासारखंच लहरी शोषतं. पण त्यावर उपाय शोधूच नका. फवारताना कानात काहीही घालू नका. औषधाच्या हातानं बड कानात जातो, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-मजूर गेले, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

संध्याकाळचं तुटणं वेगळं

चार दिवसांनी भावाचा पुन्हा फोन. "वावरात आता बरोबर आहे, पण संध्याकाळी ओट्यावर बसलो की तुटते. काऊन?" घरासमोर बसलेला, फोन समोर खाटेवर, मधे काही नाही. मग शरीराची आड नव्हे. विचारल्यावर कळलं, की संध्याकाळी पोरीच्या अभ्यासासाठी त्याच फोनचा हॉटस्पॉट चालू असतो.

गावाकडे हे घरोघरी आहे. एका फोनमध्ये रिचार्ज, बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर. पण हॉटस्पॉट बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे ब्लूटूथच्याच पट्ट्यात. साध्या फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि बरेचदा ॲन्टेनाही एकच. मग चिप दोघांना पाळीपाळीनं वेळ देते. पोरगी व्हिडिओ पाहत असेल तेव्हा हॉटस्पॉटला वेळ जास्त जातो, ब्लूटूथची पाळी उशिरा येते, आणि इअरबडचा साठा संपतो.

ओळखायचं कसं? हॉटस्पॉट बंद करा. आवाज त्याच क्षणी सुधारला तर कारण हेच. उपाय दोन. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये `AP Band` किंवा नुसतं `Band` असं लिहिलेलं असतं, तिथे `5 GHz` निवडा. हा पट्टा पूर्ण वेगळा आहे. त्याची पोच कमी असते, भिंतीपलीकडे लवकर मंदावतो, पण एका खोलीसाठी पुरतो. दुसरा फोन जुना असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसणारच नाही, तेव्हा हा मार्ग बंद. लॅपटॉप असेल तर हॉटस्पॉटऐवजी केबल लावून `USB tethering` चालू करा. नेट केबलनं जातं आणि हवा ब्लूटूथला मोकळी राहते.

आता राहिले ते लोक, ज्यांचा हॉटस्पॉट बंद आहे, फोन समोर आहे, तरी तुटतं, आणि एरोप्लेन मोड लावला की थांबतं. त्यांच्या बाबतीत संशय सिमवर. आपल्याकडे ४जी काही ठिकाणी बँड ४० वर चालतं, तो २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा पट्टा. ब्लूटूथची पहिली वाहिनी २४०२ वर आहे, म्हणजे अगदी बांधाला बांध लागून. टॉवर लांब असला की फोन जोर लावून बोलतो, आणि त्या जोराचा थोडा भाग शेजारच्या पट्ट्यात सांडतो. फोनमध्ये हे अडवणारे फिल्टर असतात, पण ते सगळ्या फोनमध्ये सारखे चांगले नसतात. यावर सेटिंगमध्ये सोपा उपाय नाही. नेट लावून गाणी ऐकण्यापेक्षा ती घरी डाउनलोड करून घ्या आणि वावरात मोबाईल डेटा बंद ठेवा. फोन येणं-जाणं चालू राहतं आणि सिमचं बोलणं पुष्कळ कमी होतं.

कोडेक: काय बदलतो, काय नाही

गाणं हवेतून पाठवण्याआधी फोन ते दाबून लहान करतो आणि इअरबड ते परत उलगडतो. ही दाबण्या-उलगडण्याची पद्धत म्हणजे कोडेक. दोन्हीकडे एकच कोडेक असला तरच तो लागतो, नाहीतर दोघंही सगळ्यांत असणाऱ्या एसबीसीवर येतात.

एसबीसी प्रत्येक साध्या ब्लूटूथ इअरबडमध्ये असतोच, नियमानंच तो असावा लागतो. त्याचा नेहमीचा वरचा दर्जा साधारण ३२८ किलोबिट प्रतिसेकंद. एएसी २५६ च्या आसपास चालतो. आयफोन एएसी आणि एसबीसी हे दोनच वापरतो, त्यामुळे आयफोनवाल्यांना निवडायला काही नाही. अँड्रॉइडमध्ये एएसीचं काम कंपनीगणिक कमी-जास्त चांगलं असतं. ॲप्टएक्स ३५२ वर चालतो. एलडॅकला तीन पायऱ्या आहेत, ३३०, ६६० आणि ९९०.

वावरासाठी यातून एवढंच घ्यायचं, की आकडा जितका मोठा तितकी हवेत जागा जास्त लागते. ब्लूटूथची जुन्या ऑडिओसाठीची वाट उत्तम स्थितीत सुमारे २,१०० किलोबिटची, सिग्नल जरा खालावला की १,४०० ची. तीनशेचा आवाज पाठवताना बिघडलेला तुकडा तीन-चार वेळा पुन्हा पाठवायला जागा असते. ९९० चा पाठवताना एकदा पुन्हा पाठवायलाही जेमतेम उरते. म्हणून महागडे एलडॅकवाले बड्स पूर्ण दर्जावर लावून वावरात गेलं, तर ते हजाराच्या बड्सपेक्षा जास्त तुटू शकतात. बड्स बिघडलेले नसतात, मागणी मोठी असते.

कोडेक बदलायचा असा. फोनच्या सेटिंगमध्ये `About phone` उघडा आणि `Build number` वर सलग सात वेळा टॅप करा. काही फोनमध्ये तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहिलेलं असतं, त्यावर टॅप करावं लागतं. मग `Developer options` हा विभाग दिसू लागतो. इअरबड्स जोडा, गाणं चालू करा आणि त्या विभागात `Bluetooth Audio Codec` उघडा. सध्या कोणता लागला आहे तो निवडलेला दिसेल. जे फिके दिसतात ते तुमच्या बड्समध्ये नाहीत. एएसीचा आकडा लहान असला तरी अँड्रॉइडवर त्याचं काम सगळीकडे सारखं चांगलं नसतं, म्हणून एएसीवरून एसबीसीवर टाका आणि त्याच जागी पुन्हा ऐका. एलडॅक असेल तर जवळच `LDAC` च्या दर्जाचा पर्याय असतो, तिथे `Optimized for Connection Quality` निवडा, म्हणजे तो ३३० वर येईल. या विभागातलं बाकी काही हलवू नका.

एक लक्षात ठेवा. बड्स तुटून पुन्हा जोडले की ही निवड बरेचदा मूळच्या जागी जाते. दुसरा मार्ग टिकतो: ब्लूटूथच्या यादीत बड्सच्या नावापुढच्या चाकावर जा, तिथे `HD audio` चा खटका असेल तर तो बंद करा. मग फोन त्या बड्सशी एसबीसीवरच बोलेल. भावाच्या बड्सवर आम्ही हेही करून पाहिलं. मागच्या खिशात फोन ठेवून एएसीऐवजी एसबीसी लावला, तर तुटणं थोडं कमी झालं, गेलं नाही. खिसा बदलल्यावर कोडेक कोणताही चालला. माझा अनुभव सगळ्या गिऱ्हाइकांत असाच आहे. आधी जागा बदला, कोडेक नंतर.

फोनवर बोलताना किंवा ऑनलाइन क्लासमध्ये माइक चालू झाला की हे सगळे कोडेक बाजूला होतात. तेव्हा कॉलची वेगळी पद्धत लागते, तिचा आवाज एकेरी आणि डब्यातून आल्यासारखा असतो, पण उशीर मात्र कमी असतो. क्लास चालू असताना बड्सचा आवाज अचानक खराब झाला तर बड्स बदलायची गरज नाही. क्लासच्या ॲपमध्ये माइक म्हणून फोनचा माइक निवडता येत असेल तर निवडा, आवाज पुन्हा भरदार होईल.

उशीर मोजा, मग ठरवा

चित्रपट पाहताना उशीर सहसा जाणवत नाही. कारण बड्स आपला उशीर फोनला कळवतात आणि व्हिडिओचं ॲप चित्रच तेवढं थांबवतं. ते जमलं नाही आणि ओठ आधी हलले, तर व्हीएलसी किंवा तसल्या प्लेअरमध्ये आवाज मागे-पुढे करायची सोय असते. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसीत `J` दाबत गेलं की आवाज ५० मिलिसेकंदांनी अलीकडे येतो, `K` नं पलीकडे जातो. गेममध्ये मात्र चित्र थांबवता येत नाही, कारण बोट तुमचं आहे. तिथे उशीर उघडा पडतो.

तो मोजायला दुसरा फोन पुरतो. आपल्या फोनमध्ये पियानोचं एखादं ॲप उघडा, आधी बड्स न जोडता. दुसऱ्या फोननं त्या स्क्रीनचा व्हिडिओ काढत एक पट्टी दाबा. मग बड्स जोडा, एक बड दुसऱ्या फोनच्या माइकला टेकवून धरा आणि तीच पट्टी पुन्हा दाबा. व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये उघडून बोट टेकल्यापासून आवाजाची लाट उठेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंद. समजा स्पीकरवर ३ फ्रेम लागल्या आणि बड्सवर १०, तर फोनचा स्वतःचा उशीर वजा जाता बड्सचे ७ फ्रेम राहिले, साधारण २३० मिलिसेकंद. आता गेम मोड लावून पुन्हा मोजा. चार-पाचवर आला तर मोड खरंच काही करतो. सातच राहिला तर ते नाव फक्त डब्यावर आहे.

ज्याला गेमच खेळायचा आहे आणि फोनला हेडफोनचं भोक आहे, त्याला मी सरळ वायरचा इअरफोन देतो. त्यात हा उशीर नसतोच.

व्हर्जनचा आकडा काय सांगतो

ब्लूटूथ ५.० डिसेंबर २०१६ मध्ये आलं तेव्हा दुप्पट वेग आणि चौपट पोच अशी त्याची जाहिरात झाली. ते खरं आहे, पण ब्लूटूथच्या लो एनर्जी भागापुरतं, म्हणजे घड्याळं, सेन्सर वगैरे. गाणी ज्या जुन्या वाटेनं जातात तिचा वेग आणि पोच तेव्हा वाढली नाही. तुमचा फोन ४.२ चा आणि बड्स ५.३ चे असले तरी गाणं त्याच वाटेनं जातं. नव्या व्हर्जनच्या बड्समध्ये चिप नवी असते, बॅटरी जास्त टिकते, जोडणी लवकर होते, आणि ते फायदे खरे आहेत. पण ५.० च्या जागी ५.३ घेतल्यानं मागच्या खिशाचा प्रश्न सुटत नाही.

खरा बदल ५.२ पासून सुरू झाला. त्यात गाण्यासाठी लो एनर्जीची नवी वाट तयार झाली, तिला एलई ऑडिओ म्हणतात, आणि त्याच्या सगळ्या नियमावल्या २०२२ मध्ये पूर्ण झाल्या. त्यात एलसी३ हा नवा कोडेक आहे, जो एसबीसीच्या निम्म्या आकड्यात जवळपास तसाच आवाज देतो. म्हणजे हवेत जागा कमी लागते आणि पुन्हा पाठवायला जास्त उरते. फोन दोन्ही बड्सना वेगवेगळा आवाज पाठवतो, त्यामुळे एका कानातून दुसऱ्या कानात पाठवण्याचा टप्पा जातो. उशीरही जुन्यापेक्षा बराच कमी ठेवता येतो. शरीराची आड मात्र एलई ऑडिओलाही आहेच.

अडचण अशी, की ५.२ किंवा ५.३ लिहिलं म्हणजे एलई ऑडिओ आहेच असं नाही. तो भाग ऐच्छिक आहे आणि स्वस्त बड्समध्ये बहुतेक नसतो. फोनकडूनही तो लागतो, अँड्रॉइड १३ किंवा पुढचं आणि तशी चिप. दुकानात घेताना डब्यावर `LE Audio` किंवा `LC3` हे शब्द आहेत का ते पाहा, नुसता आकडा पाहू नका. मग दुकानातच आपल्या फोनला जोडून ब्लूटूथच्या यादीत बड्सच्या नावापुढच्या चाकावर जा. तिथे `LE Audio` चा खटका दिसला तर तुमच्या जोडीला ती वाट मिळू शकते. दिसला नाही तर त्या नावाचे जास्त पैसे देऊ नका.

शेतात दिवसभर वापरायचं असेल तर माझा सल्ला नेकबँडचा. दोन कानांच्या मधे वायर असते, त्यामुळे डोक्याआरपार आवाज पाठवायची गरज नाही. बॅटरी मोठी असते, आणि कानातून निसटला तरी पऱ्हाटीत हरवत नाही. घेण्याआधी दुकानाबाहेर, रस्त्याच्या मोकळ्या बाजूला उभं राहा. फोन ज्या खिशात तुम्ही रोज ठेवता त्याच खिशात टाका, मान दोन्हीकडे पूर्ण वळवा, वाकून पाहा. दुकानाच्या आत सगळेच चांगले वाजतात, तिथे चार भिंती आहेत.